ऑफिसचं मेल स्वतःच्या फोनवर: कुठल्या स्क्रीनवर हो म्हणायचं, कुठे थांबायचं

प्रश्न: नमस्कार दादा. मी बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कंपनीत परचेसला आहे. ऑफिसने सांगितलंय की मेल, कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट आपापल्या फोनवर घ्या. आमचं मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर आहे, फोन सॅमसंगचा आहे, माझ्या पैशाने घेतलेला. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये ऑफिसचं अकाउंट टाकायला गेले तर "Erase all data" लिहिलेला स्क्रीन आला. घाबरून बंद केलं. फोनमध्ये मुलीचे सगळे फोटो आहेत. आता काय करू? शिवाय आयटीवाले ऑथेंटिकेटर आणि कंपनी पोर्टल अशी आणखी दोन अ‍ॅप टाका म्हणतात. ते माझा फोन बघणार का?

उत्तर: ताई, त्या स्क्रीनवरून तुम्ही मागे फिरलात ते अगदी बरोबर केलंत. तो स्क्रीन खोटा नव्हता आणि व्हायरसही नव्हता. त्यावर जे लिहिलं होतं ते शब्दशः खरं होतं. त्या ओळीच्या खाली बारीक अक्षरात आणखी एक वाक्य असतं: "Erase the phone's data without warning by performing a factory data reset." म्हणजे न विचारता पूर्ण फोन पुसून नवीन डब्यातून काढल्यासारखा करण्याचा हक्क. तुम्ही खालचं "Activate" दाबलं असतं तर हा हक्क ऑफिसच्या मेल सर्व्हरला मिळाला असता.

मी बडोद्यातल्या छोट्या-मध्यम कंपन्यांची मेल यंत्रणा सांभाळतो, आणि या कामात लोकांना जी एक गोष्ट आधी सांगायला हवी ती बहुतेक वेळा सांगितलीच जात नाही. ऑफिसचं अकाउंट एकच असतं, पण ते फोनमध्ये कोणत्या अ‍ॅपमधून जोडलं यावर ऑफिसचा तुमच्या फोनवर किती ताबा येतो ते ठरतं. अकाउंट तेच, पासवर्ड तोच, तरी ताबा वेगळा. त्यामुळे आधी अ‍ॅपचं ठरवू, मग एकेक स्क्रीन घेऊ.

जीमेल किंवा सॅमसंगच्या ईमेल अ‍ॅपमध्ये "Exchange" निवडून अकाउंट टाकलं की फोन अ‍ॅक्टिव्हसिंक नावाच्या पद्धतीने सर्व्हरशी बोलतो. ही पद्धत जुनी आहे. कंपनी स्वतः हँडसेट देत असे त्या काळात ती घडली, म्हणून फोन हरवला तर कंपनीने तो लांबून पुसावा, यात तेव्हा कुणाला वावगं वाटलं नाही. ती सोय आजही तशीच शिल्लक आहे. अ‍ॅप आधी विचारतं की सर्व्हरला तुमच्या फोनची काही सुरक्षा लांबून हाताळायची आहे, चालेल का, आणि मग तुम्ही पाहिलेला स्क्रीन येतो. हो म्हटलं की ते अ‍ॅप फोनचं "device admin" होतं. पुढे ऑफिसच्या आयटीत कुणी तुमच्या नावापुढे फोन पुसण्याचा हुकूम दिला, तर फोन जेव्हा सर्व्हरशी जोडला जाईल तेव्हा फोटोंसकट सगळं जातं. अ‍ॅडमिनकडे फक्त ऑफिसचं अकाउंट पुसण्याचा वेगळा हुकूमही असतो, पण दोन्ही एकाच ठिकाणी असतात आणि कोणता दाबायचा ते तुमच्या हातात नसतं. आयफोनच्या सेटिंगमधून एक्स्चेंज अकाउंट जोडलं तरी हाच प्रकार होतो, फक्त तिथे असा भीतिदायक स्क्रीन येत नाही, म्हणून लोकांना कळत नाही.

मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं आउटलुक अ‍ॅप वापरलं तर मात्र तोच पुसण्याचा हुकूम अ‍ॅपच्या आतच थांबतो. आउटलुकमधलं मेल, कॅलेंडर आणि त्याने फोनबुकात टाकलेले नंबर जातात. गॅलरीला, व्हॉट्सअ‍ॅपला, बँकेच्या अ‍ॅपला हात लागत नाही. म्हणून स्वतःच्या फोनसाठी मी आउटलुकच सांगतो. तुमच्या ऑफिसला तो चालणार नाही असं सहसा होत नाही. उलट बऱ्याच कंपन्या बाकीची अ‍ॅप बंद करून तोच सक्तीचा करतात.

घाईत कधी "Activate" दाबलं गेलंच असेल तर ते मागे घेता येतं. फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत "device admin" लिहा, "Device admin apps" उघडा, तिथे जीमेल किंवा ईमेल अ‍ॅपसमोरचं बटण बंद करा, आणि मग त्या अ‍ॅपमधून ऑफिसचं अकाउंट काढा. हा ताबा चालू असेपर्यंत अ‍ॅप अनइन्स्टॉल होत नाही, त्यामुळे "अ‍ॅप निघतच नाही" अशी तक्रार आली की मी आधी हीच यादी बघायला सांगतो.

आता जोडणी. शक्यतो ऑफिसमध्ये, आपल्या कॉम्प्युटरसमोर बसून करा, कारण एक टप्पा कॉम्प्युटरवर सोपा जातो. आधी ऑथेंटिकेटर. प्ले स्टोअरवर "Microsoft Authenticator" शोधलं की तसल्याच निळ्या कुलपाची बरीच अ‍ॅप दिसतात, काही तर जाहिरात म्हणून सगळ्यात वर असतात. नावाखाली "Microsoft Corporation" असेल तेच घ्या. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये हा पत्ता टाकून ऑफिसच्या अकाउंटने आत जा:

```
https://mysignins.microsoft.com/security-info
```

तिथे नवीन पद्धत जोडायचा पर्याय निवडून ऑथेंटिकेटर घेतला की क्यूआर कोड येतो. फोनच्या ऑथेंटिकेटरमध्ये ऑफिसचं अकाउंट जोडायला सांगून तो कोड स्कॅन करा. कॅमेऱ्याची परवानगी मागेल, ती याचसाठी. नोटिफिकेशनची परवानगीही द्या, नाहीतर पुढे विनंती येईल आणि तुम्हाला दिसणार नाही. लोकेशनची परवानगी मागितली तर ती ऑफिसच्या धोरणावर आहे. मागेल तेव्हा आयटीला विचारा, नुसती मागितली म्हणून देऊन टाकू नका.

ऑथेंटिकेटर तुमचा फोन बघत नाही. त्याचं काम एवढंच, की पासवर्ड टाकणारी व्यक्ती तुम्हीच आहात हे तुमच्या हातातल्या फोनवरून पटवणं. लॉगिन करताना कॉम्प्युटरवर किंवा आउटलुकमध्ये दोन आकडी नंबर दिसतो आणि फोनवर "Are you trying to sign in?" असं विचारून तोच नंबर टाकायला सांगतात. पूर्वी नुसतं "Approve" दाबलं की काम व्हायचं. चोरट्यांनी त्याचा फायदा घेतला: रात्री-अपरात्री विनंत्यांवर विनंत्या पाठवायच्या, माणूस कंटाळून एकदा तरी दाबतोच. म्हणून मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने नंबर टाकणं सगळ्यांना सक्तीचं केलं.

या नंबरामागचं कारण नीट समजून घ्या, कारण फसवणूक आता इथेच होते. नंबर त्याच स्क्रीनवर दिसतो जिथे कुणीतरी तुमचा पासवर्ड टाकलेला आहे. तुम्ही लॉगिन करत असाल तर तो तुमच्या डोळ्यांसमोर असतो. चोर लॉगिन करत असेल तर तो चोराच्या स्क्रीनवर असतो, तुम्हाला माहीत असायचं काही कारणच नाही. म्हणून तो फोन करतो: "मॅडम, आयटीमधून बोलतोय, तुमचं मेल अपडेट होतंय, स्क्रीनवर ४७ टाका." गुजरातीत बोलेल, मराठीतही बोलेल, तुमच्या साहेबांचं नावसुद्धा घेईल. खऱ्या आयटीवाल्याला तुम्हाला नंबर सांगण्याची वेळ येतच नाही. कुणीही नंबर सांगितला किंवा आपण काहीच करत नसताना विनंती आली, तर "No, it's not me" दाबायचं, फोन ठेवायचा, आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलून आयटीला कळवायचं. कारण विनंती आली याचा अर्थ बहुतेक वेळा पासवर्ड आधीच कुणाच्या तरी हातात पडलेला असतो.

काही कंपन्यांत त्या विनंतीवर छोटा नकाशाही दिसतो. तो इंटरनेट कनेक्शनच्या पत्त्यावरून काढलेला अंदाज असतो, त्यामुळे तुम्ही मांजलपुरात घरी बसलेल्या असताना तिथे अहमदाबाद किंवा मुंबई दिसू शकतं. एवढ्याने घाबरू नका. दुसराच देश दिसला तर मात्र नाही म्हणा.

ऑथेंटिकेटर झालं की आउटलुक घ्या, पुन्हा "Microsoft Corporation" बघून. उघडल्यावर ऑफिसचा पूर्ण ईमेल पत्ता टाका. सर्व्हरचं नाव, पोर्ट, डोमेन असलं काही विचारायला नको, पत्त्यावरूनच त्याला कळतं की मेल ३६५ वर आहे. जर विचारलंच, तर बहुधा पत्त्यात स्पेलिंग चुकलेलं असतं, किंवा शेवटी एक रिकामी जागा राहिलेली असते. सॅमसंगचा कीबोर्ड सुचवलेला शब्द घेतल्यावर ती स्वतःच टाकतो. मग मायक्रोसॉफ्टच्या पानावर, बऱ्याचदा तुमच्या कंपनीच्या लोगोसकट, पासवर्ड मागतील, नंतर तो दोन आकडी नंबर. हे पान महत्त्वाचं आहे. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने ३६५ च्या मेलसाठी जुनी पद्धत, म्हणजे अ‍ॅपमध्येच नाव-पासवर्ड भरून थेट आत जाण्याची, टप्प्याटप्प्याने बंद केली. त्यामुळे कुणी जुन्या पद्धतीने सर्व्हरचं नाव भरून अकाउंट जोडायला सांगितलं तर "पासवर्ड चुकीचा" असंच येत राहील, पासवर्ड बरोबर असला तरी.

यानंतरचे स्क्रीन तुमच्या ऑफिसने काय ठरवलंय त्यावर अवलंबून आहेत, आणि नेमके इथेच लोक गोंधळतात, कारण ते एकापाठोपाठ एक येतात आणि सगळे सारखेच गंभीर दिसतात.

"Help us keep your device secure" असं लिहून खाली "Register" असेल, तर ती फक्त नोंदणी आहे. ऑफिसच्या यादीत तुमच्या अकाउंटच्या नावावर एक फोन लिहिला जातो: अमुक मॉडेल, अँड्रॉइडची अमुक आवृत्ती. या नोंदणीने फोनचा ताबा जात नाही. हे दाबायला हरकत नाही.

मग कंपनी पोर्टल टाकायला सांगणारा स्क्रीन येतो, "Go to store" असं बटण असलेला. तुमच्या आयटीवाल्यांनी सांगितलेलं दुसरं अ‍ॅप ते हेच. इथे एक बारकावा आहे आणि तो तुमच्या फार कामाचा आहे. अँड्रॉइडवर ऑफिसचे नियम आउटलुकपर्यंत पोहोचवण्यासाठी कंपनी पोर्टल फोनमध्ये नुसतं असावं लागतं. ते उघडायची, त्यात लॉगिन करायची गरज नसते. टाका, आणि मागे आउटलुकमध्ये या. बरेच जण उत्साहात ते उघडून, लॉगिन करून "Begin" दाबतात, आणि मग फोन ऑफिसच्या व्यवस्थापनात जोडण्याची पुढची मालिका सुरू होते, जी कदाचित ऑफिसने मागितलेलीही नसते.

आउटलुकमध्ये परत आल्यावर असं वाक्य दिसेल: "Your organization is now protecting its data in this app." अ‍ॅप एकदा बंद होऊन पुन्हा उघडेल आणि बहुधा वेगळा पिन ठेवायला सांगेल. हा पिन फक्त ऑफिसच्या अ‍ॅपचा आहे, फोनचा नाही. मुलगी तुमच्या फोनवर खेळत असताना मेल उघडलं जाऊ नये, हा त्याचा उपयोग. बोटाचा ठसा चालत असेल तर तो लावून घ्या, नाहीतर दिवसभर आकडे टाकून वैताग येतो.

यापुढे कधी मेलमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला गेलात तर तिथे "Your organization's data cannot be pasted here" असं येईल. अ‍ॅप बिघडलेलं नाही. खरेदी विभागात दर, कोटेशन असं नाजूक काम असतं, म्हणून ऑफिसने ती भिंत घातलेली असते. व्हेंडरला दर कळवायचा असेल तर मेलनेच कळवा. स्क्रीनशॉट काढून वाट काढायला जाऊ नका, काही ठिकाणी स्क्रीनशॉटही काळा येतो.

एवढ्यावर थांबलेल्या व्यवस्थेत ऑफिसला काय दिसतं, तर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, आउटलुकची आवृत्ती, शेवटचं कधी जोडलं गेलं. फोटो, कॉल, मेसेज, कोणत्या साइट बघता, यातलं काही दिसत नाही. ऑफिसच्या मेलबॉक्समधलं मेल मात्र ऑफिसचंच आहे. ते सर्व्हरवर असतं, फोनवर घेतलं म्हणून खासगी होत नाही.

काही कंपन्या यापुढे जातात आणि कंपनी पोर्टलमधून पूर्ण जोडणी मागतात. मग "work profile" तयार होतो. अ‍ॅपच्या यादीत "Personal" आणि "Work" असे दोन भाग दिसतात, ऑफिसच्या अ‍ॅपवर छोटी ब्रीफकेस असते. ऐकायला हे जास्त वाटतं, पण स्वतःच्या फोनवर यालाही माझी हरकत नसते. ऑफिस पुसू शकतं ते फक्त "Work" भाग, आणि रविवारी तो भाग एका बटणाने बंद ठेवता येतो. मी ठाम नाही म्हणतो ते एकाच गोष्टीला: "आधी फोन फॅक्टरी रीसेट करा, मग सेटअप करताना आम्ही सांगू तो कोड स्कॅन करा." पूर्ण फोन कंपनीच्या ताब्यात देण्याची ती पद्धत आहे आणि ती कंपनीने विकत घेतलेल्या फोनसाठी असते. तुमच्या फोनसाठी कुणी हे सांगितलं तर लेखी विचारा की हँडसेट कंपनी देणार आहे का.

मेल चालू झालं. कॅलेंडर आउटलुकमध्ये आपोआपच दिसतं. खाली कॅलेंडरचं चिन्ह दाबा, मीटिंगा तिथे असतील. फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरमध्येही हव्या असतील तर आउटलुकच्या सेटिंगमध्ये आपल्या अकाउंटवर जाऊन "Sync calendars" चालू करा. अँड्रॉइड कॅलेंडरची परवानगी विचारेल, ती द्यावी लागते. आता दोन अ‍ॅप एकाच मीटिंगची आठवण करून देतील. सॅमसंगच्या कॅलेंडरची त्या अकाउंटपुरती सूचना बंद केली की भागतं. आमंत्रणाला हो-नाही आउटलुकमधूनच कळवा, म्हणजे उत्तर नक्की पाठवणाऱ्याला जातं.

फोनच्या कॅलेंडरमध्ये नवीन नोंद करताना वर कोणतं कॅलेंडर निवडलंय ते मात्र बघायचं. डॉक्टरची वेळ, नवरात्रातला गरब्याचा पास, मुलीची पालकसभा, हे ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये गेलं तर ते ऑफिसच्या सर्व्हरवर राहतं. सहकाऱ्यांना साधारणपणे तुम्ही त्या वेळी व्यस्त आहात एवढंच दिसतं, पण साहेबांना किंवा त्यांच्या सेक्रेटरीला तुमचं कॅलेंडर पूर्ण वाटलेलं असेल तर मथळाही दिसतो. वेळ अडवून ठेवायची असेल तर नोंदीवर "Private" लावा, नाहीतर सरळ गूगलच्या कॅलेंडरमध्ये ठेवा.

कॉन्टॅक्टचं प्रकरण मात्र सावकाश वाचा. लोकांचं खरं नुकसान मी इथेच झालेलं पाहिलंय, फोन पुसला गेल्याने नव्हे.

आउटलुकच्या सेटिंगमध्ये अकाउंटखाली "Sync contacts" असतं. चालू केलं की अँड्रॉइड विचारतं, "Allow Outlook to access your contacts?" ही परवानगी अ‍ॅपला आहे. ती दिल्याने ऑफिसच्या अ‍ॅडमिनला तुमचं फोनबुक दिसत नाही. पण नकार दिला तर ऑफिसचे नंबर फोनबुकात लिहिलेच जाणार नाहीत, म्हणून हे हवं असेल तर हो म्हणावं लागतं. बटण चालूच होत नसेल तर ऑफिसने ते बंद ठेवलंय, तिथे तुमच्याकडून काही करण्यासारखं नाही.

चालू झाल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो: ऑफिसमधल्या लोकांचे नंबर आलेच नाहीत. येणारही नाहीत. पूर्ण कंपनीची जी यादी आउटलुकमध्ये नाव शोधल्यावर दिसते ती सर्व्हरवरच राहते. फोनबुकात उतरतात ते फक्त तुमच्या स्वतःच्या "Contacts" फोल्डरमध्ये साठवलेले नंबर. स्टोअरवाल्यांचा किंवा अकाउंट्सचा फोन आला की नाव दिसावं असं वाटत असेल तर आउटलुकमध्ये त्यांचं नाव उघडून कॉन्टॅक्टमध्ये जोडा. रोज फोन येणारे दहा-पंधरा लोक जोडलेत तरी पुरतं. थोड्या वेळाने ते फोनबुकात उतरतात.

आता धोका. आउटलुक फोनबुकात स्वतःचं एक खातं उघडतं. त्यानंतर तुम्ही नवीन नंबर साठवायला गेलात की फोन विचारतो किंवा स्वतःच ठरवतो की तो गूगलमध्ये ठेवायचा, फोनमध्ये की आउटलुकमध्ये. एकदा आउटलुक निवडलं की पुढच्या वेळीही फोन तेच धरून चालू शकतो.

इथल्याच एका कारखान्यातल्या खरेदी विभागातल्या गृहस्थांचं असं झालं. बेअरिंगवाले, ट्रान्सपोर्टवाले, पॅकिंगवाले असे सगळे भाई आउटलुकमध्ये साठवत गेले, तिथपर्यंत ठीक. पण त्याच ओघात मुलीच्या शाळेच्या व्हॅनवाल्याचा, नव्या डॉक्टरांचा, सासरच्या मंडळींचाही नंबर तिथेच गेला. दिवाळीनंतर त्यांनी नोकरी बदलली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसने नियमाप्रमाणे अकाउंट बंद करून आउटलुकमधला डेटा पुसला. मेल गेलं ते अपेक्षितच होतं. पण सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडलं तर अर्ध्या गप्पांवर नावाऐवजी नुसते आकडे, कारण व्हॉट्सअ‍ॅप नावं फोनबुकातून घेतं आणि फोनबुकातले ते नंबर आउटलुकबरोबर निघून गेले होते. गूगल कॉन्टॅक्टच्या कचरापेटीत शोधून उपयोग नव्हता, कारण ते नंबर गूगलमध्ये कधी साठवलेच नव्हते. ते परत मिळाले ते जुन्या ऑफिसमधूनच: ३६५ मध्ये काढून टाकलेलं अकाउंट ३० दिवसांपर्यंत परत उघडता येतं, आणि त्या मुदतीत तिथल्या आयटीने त्यांना खासगी नंबरांची फाइल काढून दिली. ऑफिसने ती द्यायलाच हवी असं मात्र कुठे नसतं.

म्हणून "Sync contacts" चालू केल्यावर लगेच हे करा. फोनच्या कॉन्टॅक्ट अ‍ॅपमध्ये अधिकची खूण दाबून नवीन नंबर भरायचा फॉर्म उघडा. सॅमसंगमध्ये सगळ्यात वर तो कुठे साठवला जाणार ते लिहिलेलं असतं. तिथे आउटलुक किंवा ऑफिसचा पत्ता असेल तर त्यावर दाबून आपलं गूगल अकाउंट निवडा. गूगलचं कॉन्टॅक्ट अ‍ॅप वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये "Default account for new contacts" असतं, तेही गूगलवर ठेवा. मग एखादा खासगी नंबर साठवून बघा, तो उघडा आणि खाली कोणत्या अकाउंटचं नाव येतं ते वाचा. आधीच काही चुकीच्या ठिकाणी गेले असतील तर सॅमसंगमध्ये "Manage contacts" खाली "Move contacts" आहे, त्याने ते गूगलमध्ये हलवता येतात. व्हेंडरचे नंबर कुठे ठेवायचे? माझ्या मते ऑफिसच्याच अकाउंटमध्ये. ते कामाचे आहेत, आणि तुमच्या जागी उद्या कुणी आलं तर त्यालाही लागतील. ज्याच्याशी ओळख ऑफिसपलीकडची झाली आहे त्याचा नंबर गूगलमध्येही ठेवा.

मेल उशिरा येतं, अ‍ॅप उघडल्यावरच एकदम दहा मेल पडतात, असं आठवड्याभरात झालं तर ते ऑफिसचं काम नाही. बॅटरी वाचवायला सॅमसंग न वापरलेली अ‍ॅप झोपवतं. सेटिंगमध्ये आउटलुकच्या बॅटरीच्या पानावर "Unrestricted" निवडा. ऑथेंटिकेटरलाही तेच करा, कारण तिथे उशीर झाला की विनंतीची मुदत संपते आणि लॉगिन अडतं.

आणि फोन बदलायचा विचार असेल तर जुना फोन देऊन टाकण्याआधी नव्यावर ऑथेंटिकेटर जोडून घ्या. त्याचा बॅकअप घेतलेला असला तरी ऑफिसचं अकाउंट नव्या फोनवर नुसतं परत येऊन चालत नाही, त्यात पुन्हा लॉगिन करावं लागतं, आणि त्या लॉगिनला विनंती जुन्याच फोनवर येते. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिलेला असला की मग आयटीकडून ती जोडणी नव्याने करून घ्यावी लागते, आणि शनिवारी संध्याकाळी हे उमगलं तर सोमवारपर्यंत मेल बंद. जुन्या फोनवर मग याच क्रमाने करा: आउटलुकमधून अकाउंट काढा, फोनबुक उघडून खासगी नंबर जागेवर आहेत ना ते बघा, आणि ऑथेंटिकेटरमधलं अकाउंट नव्या फोनवर एकदा तरी लॉगिन झाल्यावरच काढा.